हळू वाचणाऱ्या आजीला वाढदिवसाचं चार ओळींचं पत्र

प्रश्न: माझ्या आजीला १ जूनला ८१ वर्षं पूर्ण होतील. ती चौथीपर्यंत शिकली आहे, बोट ठेवून हळूहळू वाचते, पण स्वतःच वाचते. लांबलचक मजकूर दिला की "थोडकं अन् नीट लिही की" म्हणते. मला यंदा जाता येणार नाही, म्हणून पत्र पाठवायचं आहे. लहानपणी शाळेतून आलो की ती दारात गूळ-शेंगदाणे घेऊन बसलेली असायची, तेही लिहावंसं वाटतं, पण जमत नाही. आत्तापर्यंत एवढं लिहिलंय:

"प्रिय आजीस, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तुझ्या सहस्रचंद्रदर्शनाच्या या मंगलप्रसंगी ईश्वरचरणी हीच प्रार्थना की तुला उत्तम आरोग्य, दीर्घायुष्य लाभो व तुझ्या आशीर्वादाची छत्रछाया आम्हां सर्व नातवंडांवर सदैव राहो. कामामुळे मला यंदा येता येणार नाही, पण गणपतीत नक्की येईन."

हे कसं सुधारू?

उत्तर:

तुमचा मजकूर लांब नाही. मोजून बघा, ३७ शब्द आहेत. आजीला तो लांब वाटेल याचं कारण शब्दांची संख्या नाही, ते वेगळंच आहे. मी साक्षरता मोहिमेच्या काळापासून नवसाक्षरांसाठी पुस्तिका लिहायचं आणि तपासायचं काम केलं. रात्रीच्या वर्गात कंदिलाच्या उजेडात पन्नाशीच्या बाया ओळीवर बोट ठेवून वाचायच्या, आणि आम्ही बाजूला बसून बोट कुठे अडतंय तेवढंच टिपून ठेवायचो. बोट लांब शब्दावर अडतं असं आम्हालाही आधी वाटायचं. ते अडायचं जोडाक्षरावर. आणि वाक्याचं क्रियापद लांब गेलं की बोट मागे फिरायचं.

तुमच्या मजकुरात अशी किती ठिकाणं आहेत ते मी मोजलं. ३७ शब्दांत २३ जोडाक्षरं आहेत. त्यातली चार एकट्या "सहस्रचंद्रदर्शनाच्या" या शब्दात बसली आहेत.

गंमत अशी की सगळ्यात अवघड तुकडा तोच आहे, जो आपण डोळे झाकून लिहितो. "हार्दिक" हा शब्द बोट ठेवून वाचून बघा. डोळ्याला डावीकडून आधी "हा" दिसतो, मग वेलांटी, मग "द", त्याच्या डोक्यावर रफार आणि शेवटी "क". तोंडाने मात्र म्हणायचं असतं "हा", मग "र्", मग "द", मग वेलांटीची "इ", मग "क". म्हणजे जी खूण शेवटी दिसते ती आधी म्हणायची, आणि जी आधी दिसते ती नंतर. तुम्हाआम्हाला हे कळतही नाही, कारण आपण शब्द लावत नाही, चेहरा ओळखावा तसा ओळखतो. आजी शब्द लावते. "हार्दिक" लागेपर्यंत "वाढदिवसाच्या" मागे पडतं, आणि पुढे "शुभेच्छा" मधलं "च्छ" वाटेत उभंच असतं.

तरी सगळी जोडाक्षरं सारखी नसतात, त्यामुळे त्यांच्या मागे हात धुऊन लागायचं कारण नाही. "तुझ्या", "माझ्या", "आम्ही", "नक्की" हे शब्द तिने आयुष्यभर पाहिले आहेत, ते ती चेहऱ्यानेच ओळखते. शिवाय त्यांत अर्धं अक्षर आणि पूर्ण अक्षर शेजारी शेजारी उभं असतं, दिसतं तसंच म्हणायचं. खरा त्रास रफाराचा, पोटात रेघ असलेल्या "प्र" आणि "त्र" चा, आणि "द्ध", "द्य", "श्व" यांसारख्या अक्षरांचा, जिथे मूळ अक्षराचा आकारच बदलून जातो. तुमच्या मजकुरातून एवढी काढली तरी निम्मं काम होतं.

आता क्रियापदाचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि वाक्य लांबलं की तेच घात करतं. तुमचं मधलं वाक्य २२ शब्दांचं आहे. आजी "तुझ्या" पासून निघाली की "लाभो" आणि "राहो" पर्यंत पोचेस्तोवर कोणाला काय लाभायचं आणि कोणावर काय राहायचं हे सगळं तिला हातात धरून चालावं लागतं. अक्षरं लावणाऱ्या माणसाचे हात आधीच भरलेले असतात, म्हणून ती मागे फिरते आणि पहिल्यापासून वाचते. दोनदा मागे फिरली की कागद सुनेच्या हातात देते, "तूच वाच गं" म्हणते. तुमचं पत्र तिथेच हुकलं, कारण सुनेने वाचून दाखवलेलं पत्र ऐकलं जातं, वाचलं जात नाही. आजीला ते वाचायचं आहे, हे तुम्हीच लिहिलं आहे.

म्हणून तीन-चार शब्दांत क्रियापद आलंच पाहिजे. ओळ संपली की वाक्य संपावं. एखादं वाक्य दोन ओळींत गेलंच, तर बोलताना जिथे आपण श्वास घेतो तिथे ओळ तोडायची, कागदाची कड आली म्हणून नाही. शब्द तर कधीच तोडायचा नाही. आपल्याला शाळेत वहीच्या कडेला शब्द तोडून उरलेली अक्षरं खाली लिहायची सवय लागलेली असते. हळू वाचणाऱ्याला त्यातून दोन निरर्थक शब्द मिळतात.

ओळ कुठे तुटते याने काय होतं ते मी स्वतःच्या हाताने करून बसले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या आजीला दिवाळीआधी पोस्टकार्ड टाकलं. कार्डावर जागा कमी, म्हणून बारीक अक्षरात गच्च लिहिलं. एक ओळ संपली ती "मी पाडव्याला येणार" वर, आणि "नाही" पडला खालच्या ओळीच्या सुरुवातीला, पुढच्या वाक्याला चिकटून. आजीने "येणार" पर्यंत वाचलं, तिला हवं ते मिळालं, तिने कार्ड दिवळीत ठेवून दिलं. पाडव्याला पुरण शिजवून ती एसटीच्या थांब्यावर दोन गाड्या बघून आली. मला हे कळलं महिन्याने. तेव्हापासून "नाही" मी ओळीच्या तोंडाला येऊ देत नाही, आणि जमेल तिथे "नाही" चं वाक्यच लिहित नाही. तुमच्या पत्रातही तोच धोका आहे: "यंदा येता येणार नाही, पण गणपतीत नक्की येईन." यात एक येणार आहे, एक नाही आहे आणि एक येईन आहे. आजीने काय समजावं? ती आतुर असेल तर पहिलंच "येणार" धरेल. "मी गणपतीला येतो" एवढंच लिहा. आज येत नाही हे त्यात आलं. १ जूनला का येत नाही ते फोनवर सांगा, तिथे तिला उलट विचारता येतं.

आणि "गणपतीला" हेच बरोबर आहे, तारीख लिहू नका. तारीख तिला कॅलेंडरवर शोधावी लागेल, गणपती तिच्या डोक्यात आधीच मांडलेले आहेत.

आता शब्दांकडे येऊ. जोडाक्षरं काढायची म्हणजे लहान मुलाचे शब्द वापरायचे असा अर्थ बरेच जण घेतात, आणि मग "छान छान आजी, गोड गोड आजी" असं काहीतरी होऊन बसतं. आमच्या पहिल्या पुस्तिकेतही आम्ही हेच केलं होतं. एका बाईंनी ती वाचून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाय, कळतं समदं." त्यांचं डोकं पन्नास वर्षांचं होतं, फक्त डोळ्याला सराव नव्हता. ओळ सोपी करायची, म्हणणं सोपं करायचं नाही.

आणि त्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. आजीच्या बोलण्यातले शब्द ऐका. जोडाक्षरांनी भरलेले शब्द बहुतेक संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले असतात. घरात बोलले जाणारे शब्द शेकडो वर्षं तोंडात घोळून गुळगुळीत झालेले असतात, त्यांतली जोडाक्षरं कधीच झिजून गेलेली असतात. पौर्णिमेची पुनव होते, सूर्याचा सुर्व्या न होता दिवस होतो, "दिवस उगवला" म्हणतात. तुमच्या "सहस्रचंद्रदर्शन" मध्ये गोष्ट तर भारी आहे: माणूस हजार पौर्णिमा पाहतो. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस जातात, म्हणून हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि दहा महिने लागतात. तुमच्या आजीची झाली असणार. ही गोष्ट टाकून द्यायची नाही, फक्त तिच्या शब्दात सांगायची: "हजारावी पुनव पाहिलीस." एकही जोडाक्षर नाही, तीन शब्द, आणि वाचून ती क्षणभर थांबेल ते अडली म्हणून नव्हे.

एक सांगून ठेवते. आजीच्या तोंडी पुनव नसेल, ती पौर्णिमाच म्हणत असेल, तर पौर्णिमा लिहा, रफारासकट. आपण पौर्णिमा म्हणायचं आणि तिच्यासाठी मुद्दाम पुनव लिहायचं, हे तिला चेष्टेसारखं वाटू शकतं. (बाकी १ जून ही तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली असण्याचीच शक्यता जास्त. आपल्याकडे त्या पिढीतली अर्धी गावं १ जूनला जन्मलेली आहेत. तेव्हा एखाददुसरी पुनव इकडेतिकडे झाली तर कोणी मोजायला बसणार नाही.)

दुसरी गोष्ट मानाची. नातवाने आजीला "दीर्घायुष्य लाभो" म्हणायचं हे छापील कार्डांमधून आलं आहे. घरात आपण मोठ्यांना आशीर्वाद देत नाही, पाया पडतो आणि त्यांनी द्यायचा असतो. "आजी, पाया पडतो" या तीन शब्दांत शुभेच्छा, नमस्कार, आशीर्वाद मागणं सगळं आलं, आणि यातही जोडाक्षर नाही. "शतायुषी व्हा" तर ऐंशीच्या पुढे लिहूच नका. माझ्या एका मावशीला ८२व्या वाढदिवसाला कोणीतरी लिहिलं होतं. तिने हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे अजून अठराच व्हय?"

आजीला आपण "तू" म्हणतो हे इथे कामाला येतं, कारण "तू" ची रूपं आखूड असतात. पत्र आजोबांना असेल आणि घरात त्यांना "तुम्ही" म्हणत असाल तर तसंच ठेवा. ओळ आखूड करायला म्हणून आजोबांना अरेतुरे करू नका. बोलतो तसं "केलं, दिलं" लिहायचं की पुस्तकी "केले, दिले", असंही लोक विचारतात. बोलतो तसं लिहा, म्हणजे वाचताना तिला तुमचा आवाज ऐकू येईल. फक्त डोक्यावरचा टिंब ठसठशीत द्या. बारीक टिंब म्हाताऱ्या डोळ्याला कागदावरचा डाग वाटतो.

आता गूळ-शेंगदाणे. ते जमत नाही असं तुम्ही म्हणता, आणि मला वाटतं त्याचं कारण तुम्ही त्याच्यावर काहीतरी म्हणायला जाता: "तुझ्या मायेची ती आठवण मनात घर करून राहिली आहे" असं काहीसं. काही म्हणू नका. जे दिसलं ते लिहा. शाळा सुटली, ती दारात, हातात काय. तिला बाकीचं माहीत आहे, ती तिथे होती. हळू वाचणाऱ्याला अशी ओळ फार सोपी जाते, कारण पुढचा शब्द कोणता येणार याचा तिला अंदाज असतो. "दारात" वाचलं की "बसलेली" ती न लावताच म्हणेल. "आशीर्वादाची" नंतर "छत्रछाया" येईल याचा अंदाज कोणाला असतो?

एवढं सगळं धरून तुमचं पत्र मी असं लिहीन:

आजी, पाया पडतो.
आज तुझा वाढदिवस.
तू ८१ची झालीस.
हजारावी पुनव पाहिलीस.

शाळा सुटली की
तू दारात बसलेली असायचीस.
हातात गूळ-शेंगदाणे.
ती चव अजून आठवते.

मी गणपतीला येतो.
चार दिवस राहतो.
मग आपण दारात बसू.
तुझा सोनू

"सोनू" च्या जागी ती तुम्हाला ज्या नावाने हाक मारते ते घाला. आकडा देवनागरीतच लिहा, तिच्या शाळेत तेच आकडे होते. अक्षरात "एक्याऐंशी" लिहिलं तर तिथे पुन्हा बोट अडेल.

आता मोजा. गूळ-शेंगदाणे एक शब्द धरला तर हेही ३७ शब्दच आहेत. एकही शब्द कमी झालेला नाही, उलट गूळ-शेंगदाणे, हजारावी पुनव आणि चार दिवस राहणं आत आलं आहे. जोडाक्षरं २३ होती, आता एकही नाही. वाक्य दोन ओळींत गेलंय ते एकाच ठिकाणी, "शाळा सुटली की" पाशी, आणि तिथे बोलतानाही आपण थांबतोच. आधी मी ही ओळ "तू दारात" वर तोडली होती. ती चूक होती, कारण "तू दारात" वर काही पोचत नाही, ओळ लोंबकळते.

पत्र तयार झालं की शेजारचं दुसरी-तिसरीतलं पोर बोलावून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मध्ये बोलू नका. पोर जिथे थांबेल तिथे आजी थांबणार. अर्थ कळून पोर थांबत नाही, अक्षरावरच थांबतं, म्हणून ही चाचणी चांगली. आजीवर मात्र चाचणी करू नका, तिला पत्र एकदाच पहिल्यांदा मिळतं.

लिहायचं कसं हेही तितकंच महत्त्वाचं आहे, पण त्याआधी एक गोष्ट घरच्या कोणाकडून तरी पाहून घ्या. आजी हळू वाचते ती सराव नाही म्हणून, की दिसत नाही म्हणून? भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं महिन्याचं नाव, दुकानाची पाटी, अशी मोठी अक्षरं ती पटकन वाचते आणि पेपर मात्र लांब धरते, उजेडाकडे नेते, डोळे बारीक करते, असं असेल तर गोष्ट डोळ्याची आहे. मोठी पाटीही ओठ हलवत एकेक अक्षर लावूनच वाचत असेल तर सरावाची. बहुतेक दोन्ही थोडं थोडं असतं. पण चार-सहा महिन्यांतच वाचणं मंदावलं असेल, किंवा दिव्याभोवती वलय दिसतं म्हणत असेल, तर पत्राआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला सांगा. मोतीबिंदू असेल तर कितीही मोठं लिहिलं तरी तिला ते धुरकटच दिसणार.

पत्र हातानेच लिहा. छापून काढायचं असेल तर आम्ही सुरुवातीच्या पुस्तिकांना २४ पॉइंटच्या खाली अक्षर घेत नव्हतो, तुम्हीही घेऊ नका. पण छापण्यात एक अडचण आहे. कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच फाँटमध्ये "ल" आणि "श" हिंदी वळणाचे येतात, "ल" ला उजवीकडे उभा दंड असतो. आजीने पाटीवर गिरवला तो पाकळ्यांचा "ल". तो हिंदी "ल" तिला वाचता येईल, पण दर वेळी क्षणभर परका वाटेल. हाताने लिहिलं की हा प्रश्नच राहत नाही.

पोरांची दुरेघी वही आठवते? तीच पद्धत इथे घ्यायची. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार असतात आणि खाली उकार. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि "तू" कुठला, "ती" कुठली हे कळेनासं होतं. दुरेघी वहीत अक्षर दोन रेघांच्या आत बसतं आणि वरखालची चिन्हं मधल्या मोकळ्या पट्ट्यात जातात. वहीतली दुरेघी आजीला लहान पडेल, म्हणून कोऱ्या कागदावर पेन्सिलीने स्वतःच आखा. अक्षराला १ सेंटिमीटर, मधल्या पट्ट्याला १ सेंटिमीटर. नेहमीचा ए-फोर कागद आडवा धरा. उभा धरला तर "तू दारात बसलेली असायचीस" ही ओळ मावणार नाही आणि तुम्ही ती शेवटी दाबून लिहाल. आडव्या कागदावर अशा नऊ ओळी बसतात: पहिल्या आठ आणि मधली एक मोकळी. गणपतीचा तुकडा दुसऱ्या कागदावर. मागच्या बाजूला काही लिहू नका, शाई पलीकडून दिसते आणि अक्षरांच्या मागे अक्षरांची सावली पडते. दोन्ही कागदांच्या वरच्या कोपऱ्यात १ आणि २ मोठं लिहा.

कागद साधा, फिकट पिवळसर चालेल, चकचकीत नको, त्यावर ट्यूबलाइट चमकते. काळं स्केचपेन किंवा जाड टोकाचं पेन घ्या. निळ्या बॉलपेनची रेघ या उंचीच्या अक्षराला फार बारीक पडते. शिरोरेघ पूर्ण द्या आणि शब्द संपला की तोडा. घाईत आपण दोन शब्दांवर एकच रेघ ओढतो आणि आजीला "आजतुझा" असा नवाच शब्द मिळतो. फुलं, केक, फुगे काढायचे असतील तर दुसऱ्या कागदावर खाली काढा, ओळींच्या मागे नाही.

फोनवर फोटो पाठवला तर नाही का चालणार, असं विचाराल. टाइप केलेल्या मेसेजपेक्षा फोटो बरा. तिच्या फोनवर अक्षर मोठं केलेलं असेल तर टाइप केलेल्या ओळी फोन आपल्या मनाने तोडतो आणि तुमचा "नाही" पुन्हा कुठेतरी भलत्या जागी जाऊन पडतो. पण फोटो बोटाने मोठा करताना ओळीची दोन्ही टोकं पडद्याबाहेर जातात आणि ती हरवते. कागद तिला हातात धरता येतो, त्यावर बोट ठेवता येतं. जूनच्या पहिल्या तारखेसाठी आठ दिवस आधी टपालाने पाठवा, किंवा गावी जाणाऱ्या कोणाच्या हाती द्या.

घरच्यांना एवढं सांगून ठेवा की पाकीट सकाळी चहा झाल्यावर तिच्या हातात द्या, चष्मा पुसून द्या आणि आपापल्या कामाला जा. संध्याकाळी औक्षणाच्या गडबडीत, सगळे भोवती उभे असताना देऊ नका. तिथे कोणीतरी हौसेने पुढचा शब्द सांगतंच, आणि एकदा सांगितला की ती वाचणं सोडून ऐकायला लागते.

कागदाची घडी घालताना ती ओळींच्या मधल्या पट्ट्यात पाडा. घडीवर आलेलं अक्षर चार वेळा उघडमीट झाली की पुसतं, आणि हा कागद पोथीत ठेवून ती पुष्कळदा उघडणार आहे.